स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांची धार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतल्या ओळखीच्या घरांत सुऱ्या पाजवून देताना, आणि ज्यांना शिकायचं आहे त्यांना शिकवताना, काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. भर मुख्यतः रोजच्या वापरातल्या साध्या स्टेनलेस स्टीलच्या सुरीवर आहे, कारण बहुतेक घरांत तीच असते आणि सगळ्यात जास्त हाल तिचेच होतात.

रोज सळईवर घासते, तरी टोमॅटो कापला जायच्या ऐवजी दबतो. सळई खराब आहे का?

सळई चांगली आहे. तिचं काम वेगळं आहे.

धारेची कड फार पातळ असते. कापताना ती पाटावर आपटते आणि हळूहळू एका बाजूला कलते. धातू झिजलेला नसतो, फक्त कड वाकलेली असते. अशी सुरी सळईवर फिरवली की कड पुन्हा सरळ उभी राहते आणि सुरी पहिल्यासारखी चालते. याला होनिंग म्हणतात. त्यात धातू जवळजवळ निघतच नाही.

पण काही महिन्यांच्या वापरानंतर ही कड झिजून गोल होते. मग सरळ करायला काही उरतच नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंचा थोडा धातू दगडावर घासून काढावा लागतो आणि नवीन कड तयार करावी लागते. हे झालं पाजवणं. तुमची सुरी या अवस्थेला पोचली आहे. आता सळईवर तासभर घासलीत तरी टोमॅटो दबतच राहणार.

माझ्या सुरीला होनिंग पुरेल की पाजवायलाच हवी, हे कसं ओळखायचं?

सुरी ट्यूबलाइटखाली धरा, धार वर आणि पाठ खाली. धारेकडे सरळ बघत सुरी जरा पुढेमागे कलवा. चांगल्या धारेवर उजेड दिसत नाही, कारण परावर्तित व्हायला तिथे सपाट जागाच नसते. बोथट धारेवर पांढरी बारीक रेघ चमकते. मध्येच चमकणारे ठिपके दिसले तर तिथे टवके उडालेत.

रेघ दिसत नसेल आणि तरी सुरी अडखळत असेल, तर आधी सळई वापरून पाहा. रेघ दिसत असेल तर दगड काढा. टोमॅटोनेही कळतं: पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर सुरी नुसती ठेवा आणि दाब न देता मागे ओढा. साल लगेच पकडली गेली तर धार आहे, सुरी घसरली तर नाही. कागद कापून पाहण्यापेक्षा मला हीच परीक्षा पटते, कारण कागद बरी धारही सहज कापते.

सळई नीट कशी वापरायची?

सिनेमातल्यासारखी हवेत धरून भराभर फिरवू नका. ओट्यावर ओला रुमाल घडी करून ठेवा आणि सळईचं टोक त्यावर टेकवून ती सरळ उभी धरा. सुरीचा मुठीजवळचा भाग सळईच्या वरच्या टोकाला लावा आणि खाली आणता आणता सुरी आपल्याकडे ओढा, म्हणजे खाली पोचेपर्यंत सुरीचं टोक सळईवर येईल. मग दुसरी बाजू. प्रत्येक बाजूला चार-पाच वेळा पुरे. दाब सुरीच्या स्वतःच्या वजनाएवढाच. खसाखस आवाज येत असेल तर तुम्ही जास्त दाबताय, आणि त्याने कड सरळ होण्याऐवजी दुसरीकडे वाकते.

बाजारात हिऱ्याच्या पुडीचा थर दिलेल्या सळयाही मिळतात. त्या धातू खातात, म्हणजे ते पाजवण्याचंच काम झालं. रोजच्या वापराला त्या घेऊ नका. आणि जपानी पद्धतीची खूप कडक पोलादाची सुरी असेल तर तिला स्टीलची सळई लावू नका. तिची कड वाकत नाही, तिचा टवका उडतो.

दगड कोणता घ्यावा?

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा काळा-करडा निसणा मिळतो, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक. खुरपं, विळा, कोयता यांच्यासाठी तो चांगला आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला मात्र त्याची बारीक बाजूही बहुधा जाडच पडते. एकच दगड घ्यायचा असेल तर 400 आणि 1000 ग्रिटचा जोड-दगड घ्या. 400 ची बाजू गेलेली धार परत आणायला आणि 1000 ची बाजू ती नीट करायला. याच्या वर 3000, 6000 असे दगड असतात. भाजी-टोमॅटोला त्यांची गरज नाही. 1000 च्या दगडावर धारेला जे सूक्ष्म दात राहतात, तेच टोमॅटोची साल पकडतात.

दगडाला पाणी वापरा. बरेच दगड आधी दहा मिनिटं पाण्यात बुडवावे लागतात, बुडबुडे यायचे थांबले की तयार. खायचं तेल लावू नका. ते हळूहळू चिकट होतं, दगडाची भोकं भरून जातात आणि मग सुरी दगडावर नुसती सरकते.

कोन कसा धरायचा? अंश मोजायला घरात काय आहे?

मोजपट्टी पुरते. पात्याची रुंदी मोजा, म्हणजे धारेपासून पाठीपर्यंतचं अंतर. सुरी दगडावर आडवी ठेवून पाठ रुंदीच्या एक तृतीयांश उचलली की साधारण 20 अंशांचा कोन होतो. पाव उचलली की साधारण 15 अंश. आपल्याकडच्या साध्या स्टेनलेस सुरीला 20 अंश बरोबर. त्याहून कमी कोनात धार तिखट होते, पण मऊ पोलादावर फार टिकत नाही.

पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ 13-14 मिलिमीटर उचलायची, म्हणजे खाली करंगळीचं टोक जेमतेम बसेल इतकी. 18 अंश झाले की 22, याने काही बिघडत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोन हलू न देणं जास्त महत्त्वाचं आहे. हात डुलला की धार गोल होते, आणि गोल धार घालवायलाच तर आपण बसलोय.

एक सुरी अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी पाजवायची?

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. आठ इंची सुरी, पातं 4 सेंटिमीटर रुंद, बरीच वर्षं स्टीलच्या ताटात कांदा चिरलेला. उजेडाखाली धरली तर मुठीपासून मध्यापर्यंत सलग पांढरी रेघ, टोकाकडे थोडी धार शिल्लक. टवके नाहीत.

आधी परमनंट मार्करने धारेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर रुंद काळा पट्टा ओढा. दगड भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. 400 ची बाजू वर. धार आपल्याकडे करून सुरी दगडावर ठेवा, पाठ 13-14 मिलिमीटर उचला, दुसऱ्या हाताची दोन बोटं पात्यावर धारेच्या जवळ टेकवा, पण दगडाला लागू देऊ नका. पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना हात हलका ठेवा. दाब किती? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोटांनी दाबून पाहा, दीड-दोन किलो दिसेल इतका.

आठ-दहा वेळा घासून थांबा आणि काळा पट्टा बघा. शाई अगदी धारेपर्यंत पुसली गेली असेल तर कोन बरोबर. फक्त वरचाच भाग पुसला गेला आणि धारेलगत काळं राहिलं तर पाठ थोडी जास्त उचला. फक्त धारेलगतचीच रेघ पुसली तर पाठ जास्त उचलली गेली आहे. शिकाऊ हाताला मार्करएवढा उपयोगी गुरू नाही.

आता पातं तीन भागांत घासा: मुठीजवळचा, मधला, टोकाचा. टोकाकडे पातं वळतं, तिथे मूठ किंचित वर उचला, नाहीतर टोक दगडाला लागतच नाही. दगडावर करडा चिखल होईल. तो धुऊ नका, तोही काम करतो, फक्त पाण्याचे थेंब टाकत राहा.

किती वेळ घासायचं हे घड्याळाने ठरवू नका. ते बर ठरवतो. एक बाजू घासत गेलं की धातूची अतिसूक्ष्म किनार दुसऱ्या बाजूला वळते, तोच बर. सुरी पुसा आणि वरच्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे नेत अलगद बाहेर सरकवा. धारेच्या लांबीला समांतर कधीच नाही. बर आला असेल तर शेवटी अंगठ्याला बारीक अडथळा लागतो, जणू काठाला कुठेतरी धागा चिकटलाय. बर आला म्हणजे या बाजूचा धातू अगदी कडेपर्यंत पोचला. आपल्या सुरीत टोकाकडे बर लवकर येईल, कारण तिथे धार शिल्लक होती. मुठीकडे वेळ लागेल. तिथे दम धरा. बहुतेक जण याच ठिकाणी कंटाळून बाजू बदलतात, आणि मग अर्धी सुरी टोमॅटो कापते, अर्धी दाबते.

मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागला की सुरी पलटा. आता धार पलीकडे, आणि दाब आपल्याकडे ओढताना. या बाजूलाही सलग बर येईपर्यंत घासा. दुसरी बाजू सहसा लवकर होते.

मग दगड उलटा करून 1000 ची बाजू वर घ्या आणि तेच सगळं निम्म्या दाबाने करा. खरखरीत दगडाचे ओरखडे निघून बारीक, एकसारखी चमक आली की पुरे.

शेवटी बर काढायचा. 1000 च्याच दगडावर धार पुढे ठेवून, जणू दगडाचा अगदी पातळ पापुद्रा कापतोय असं, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने घासा. दाब प्रत्येक फेरीला कमी करत न्या, शेवटच्या दोन-तीन फेऱ्या फक्त सुरीच्या वजनाने. नंतर जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर सुरी उलटी, म्हणजे पाठ पुढे करून, प्रत्येक बाजूने दहाएक वेळा ओढा. कुठल्याच बाजूला अंगठ्याला अडथळा लागायला नको. आता टोमॅटो घ्या.

पहिल्यांदा करताना तासभर जाईल. एकदा कड नीट बसली की पुढच्या वेळी 400 ची बाजू लागतच नाही, 1000 वर पंधरा मिनिटांत काम होतं.

पाजवल्यावर सुरी भन्नाट चालली, पण दोन दिवसांत धार गेली. असं का?

बर काढायचा राहिला. बर स्वतःही तिखट असतो, त्यामुळे पहिले काही कांदे सुरेख चिरले जातात. पण ती किनार कमकुवत असते, ती एकतर आडवी पडते किंवा तुटते, आणि खाली राहते ती बोथट कड. सगळं पुन्हा करायची गरज नाही. 1000 च्या दगडावर हलक्या हाताने आलटून-पालटून घासण्याची शेवटची पायरी पुन्हा करा आणि पट्ट्यावर ओढा.

दारावर सायकलवर चाक घेऊन येतात, त्यांच्याकडून धार लावून घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही, आणि चांगला हात असलेला कारागीर भेटला तर त्याला धरून ठेवा. कोयते, खुरपी, विळे त्यांनीच पाजवावेत. पातळ सुरी देताना मात्र समोर उभे राहा. फिरत्या कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. ठिणग्यांचा पट्टा सलग उडत असेल आणि सुरी पाण्यात बुडवली जात नसेल, तर "दादा, मधेमधे पाण्यात बुडवा" असं सांगा. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही.

धारेलगत तपकिरी किंवा निळसर छटा आली तर तिथलं पोलाद तापून मऊ पडलंय. ती छटा पॉलिश करून पुसता येते, पण आतलं पोलाद कडक होत नाही. तेवढा भाग पुढच्या घासण्यांमध्ये झिजून जाईपर्यंत तिथे धार टिकणार नाही.

खाचेतून ओढायचा छोटा शार्पनर चालेल का?

अडीनडीला चालेल. पण त्यातल्या कडक पात्या धातू खरवडतात, कड फाटल्यासारखी होते आणि दर वेळी सुरी थोडी संपते. शिवाय मुठीलगतचा भाग खाचेत नीट जात नाही, तिथे काही वर्षांत खोलगट बाक पडतो. चांगल्या सुरीला तो लावू नका.

धार इतक्या लवकर का जाते?

बहुतेक घरांत कारण एकच, कशावर चिरतो ते. स्टीलचं ताट, ग्रॅनाइटचा ओटा, काचेचा बोर्ड, चिनी मातीची बशी. सुरी भाजी कापून संपते तिथे तिची कड या कडक गोष्टीवर आपटते. लाकडी किंवा साध्या प्लास्टिकच्या पाटावर चिरा, एवढ्याने पाजवण्याची पाळी दोन-तीन महिन्यांवर जाते. चिरलेला कांदा पाटावरून कढईत लोटताना धार खाली ठेवून खरवडू नका, सुरी उलटी करून पाठीने लोटा.

दुसरं कारण मे महिन्यात दिसतं. लोणच्याची कैरी कोयीसकट फोडायला पातळ सुरी वापरली, कोयीत अडकली, ती सुटावी म्हणून पिळली, आणि टवका उडाला. कैरीला कैरीचा अडकित्ता किंवा जाड विळाच हवा. सुरणाला आणि लाल भोपळ्याला सुरी चालेल, पण सरळ दाबा, अडकली तर पिळू नका, आली तशीच बाहेर ओढा.

सुऱ्या कुठे आणि कशा ठेवाव्यात?

आपल्याकडे भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीत चमच्यांचा एक उभा डबा असतो, आणि सुऱ्याही त्यातच जातात, बऱ्याचदा टोक वर करून. चमचा काढायला हात घातला की बोटं सुरीवर. शिवाय चमच्यांवर घासून धार जाते ती वेगळी. ड्रॉवरमध्ये सुट्या टाकलेल्या सुऱ्यांचंही तेच.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे म्यान. जाड पुठ्ठा पात्याच्या लांबीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त आणि रुंदीच्या दुपटीपेक्षा थोडा मोठा कापा, मधोमध दुमडा, उघडी बाजू आणि टोकाकडची बाजू पॅकिंगच्या टेपने दोनदा बंद करा. सुरी घालताना पाठ टेपच्या बाजूला ठेवा, म्हणजे धार दुमडीकडे राहील. धार टेपकडे असली तर ती टेप कापून बाहेर येते. पुठ्ठा ओला झाला की लगेच नवीन करा. म्यान घातलेली सुरी ड्रॉवरमध्ये आडवी ठेवा, सगळ्या मुठी एकाच दिशेला.

भिंतीवर लावायची चुंबकाची पट्टीही छान, पण ती मुलांच्या हाताच्या वर आणि गॅसपासून दूर लावा. सुरी लावताना आधी पाठ टेकवा आणि मग पातं कलवा. काढताना उलट, आधी धार भिंतीपासून सोडवा. धारेकडून आपटून लावली तर पट्टीच सुरी बोथट करते. लाकडी ठोकळ्यात सुऱ्या ठेवत असाल तर घालताना पाठ लाकडाला घासू द्या, धार नको, आणि ओली सुरी त्यात कधीच नको. आतल्या खाचा वाळत नाहीत, तिथे बुरशी धरते.

धुताना आणि पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

सुरी सिंकमध्ये टाकू नका. फेसाच्या पाण्यात ती दिसत नाही, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा हात आधी तिच्यावर पडतो. वापरली की लगेच आपणच धुवायची, स्पंज पाठीकडून धरायचा, पुसायची आणि जागेवर ठेवायची. तारेची घासणी धारेवर फिरवू नका.

स्टेनलेसलाही गंज धरू शकतो, विशेषतः मीठ किंवा लिंबाचा रस लागून रात्रभर राहिला तर. साध्या पोलादाची जुनी सुरी किंवा विळीचं पातं असेल तर जून ते सप्टेंबर रोज कोरडं पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. वापरायच्या आधी धुऊन घ्या.

विळीला धार कशी लावायची?

विळीचं पातं हलवता येत नाही, म्हणून दगड हलवायचा. पाट भिंतीला टेकवून पक्का करा. ओला दगड पात्याच्या मागच्या बाजूने धरून, बोटं धारेच्या रेषेच्या पुढे न आणता, बाकाच्या आकाराप्रमाणे धारेकडून पाठीकडे थोडं थोडं घासा. बर दोन्हीकडे तपासा, नियम तोच. दगड फार मोठा असेल तर बाकात बसत नाही, बोटभर रुंदीचा तुकडा सोयीचा. काम झालं की पातं मिटवायचं, अगदी दोन मिनिटांसाठी उठलात तरी.

धार जास्त असली तर हात जास्त कापणार नाही का?

बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि कांद्याच्या सालीवरून ती घसरते तेव्हा तो सगळा जोर बोटावर येतो. धारदार सुरीला जोर नको असतो. मात्र सवय बदलावी लागते: भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवा आणि अंगठा त्यांच्या मागे ठेवा, म्हणजे पातं पेरांना टेकून खालीवर होतं, नखांपर्यंत पोचत नाही. सुरी हातातून सुटली तर पकडायला जाऊ नका, मागे सरा.

बोट कापलं तर आधी काय? हळद लावावी का?

हळदीच्या सांगलीत हा प्रश्न येणारच. आधी जखम वाहत्या नळाखाली धुवा, मग स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा. सलग दहा मिनिटं, मध्ये उघडून न बघता. खोल जखमेत हळदपूड भरू नका. डब्यातली पूड निर्जंतुक नसते, आणि डॉक्टरांना ती धुऊन काढल्याशिवाय आत काय कापलंय ते दिसत नाही. दहा मिनिटांनीही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल, तर लगेच दवाखान्यात जा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

तुटलेली सुरी कचऱ्यात कशी टाकायची?

घंटागाडीत सुटी टाकू नका. पात्याला पुठ्ठा गुंडाळा, टेप मारा आणि वर मोठ्या अक्षरात "धारदार वस्तू" लिहा. पिशवीत न घालता कर्मचाऱ्याच्या हातात वेगळी द्या. पातं शाबूत असून फक्त मूठ गेली असेल तर आधी सुताराला दाखवा. लाकडी मूठ रिव्हेटवर पुन्हा बसवता येते.